प्रीसेट कुणी द्यायचा

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला माहेरी सांगितलं, सासरी सांगितलं, आणि यंदा निवड समितीनंही सांगितलं. समितीनं फक्त शब्द बरे वापरले. मराठवाड्यातल्या बाईला लगाम नाही म्हणजे काय हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी आमच्या डिजिटलच्या लॅबमध्ये यावं, शिकवताना दार उघडं ठेवते मी. बाहेर जिंतूर रोडवरच्या टपरीपर्यंत आवाज जातो म्हणतात.

मी रुद्राणी. परभणीतल्या एका खासगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तासिका तत्त्वावर. हे तासिका तत्त्व म्हणजे काय, तर जुलैत ऑर्डर हातात, उन्हाळ्यात आपण कुणीच नाही, जूनमध्ये परत अर्ज, परत तीच मुलाखत, परत तीच ऑर्डर. एवढी वर्षं मी अशी फिरतेय की शिपाईसुद्धा विचारतो, "मॅडम, यंदा हायेत ना?" कायमची जागा निघाली की सांगू, असं प्राचार्य परमेश्वर सर दर वर्षी म्हणायचे. आणि यंदा खरंच निघाली! ऑगस्टमध्ये, एकच जागा. माझ्या वयाची अट या वर्षअखेर संपत होती. म्हणजे ही जागा मिळाली तर मिळाली, नाही तर जन्मभर शिपायानं विचारायचं, यंदा हायेत ना.

अर्ज बरेच आले, पण शेवटी दोघंच उरलो. मी, आणि महांतेश. महांतेश आमच्या संस्थेचे अध्यक्ष गुरुपादअप्पा यांच्या बहिणीचा मुलगा. सेलूला त्यांचा सरकीचा धंदा. इंजिनिअरिंग केलंय त्यानं, पण तेव्हापासून पुस्तक उघडलं नाही, हे तो स्वतःच सांगतो. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर बरं झालं असतं, रागवायला सोपं गेलं असतं. मला अक्का म्हणतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. असल्या माणसावर जळायचं म्हणजे आपल्यालाच लाज वाटते.

आता अप्पांची माणसं निवडायची पद्धत ऐका. अप्पांनी सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य काढलं. तिथं फिटर ठेवायचा असला तर ते त्याचे कागद बघत नाहीत, त्याला बंद पडलेल्या मशीनपुढं उभं करतात. चालू झाली की ठेवला. तीच रीत त्यांनी कॉलेजात आणली. म्हणाले, "आमाला तुमचं इलेक्ट्रॉनिक कळत न्हाई. पोरांसमोर किट चालवून दाखवा. दिवा लागला पायजे, बास." मला ही रीत लय पटली. खरंच. म्हटलं, वशिल्याचा माणूस भाषण करू शकतो, किट काही वशिला बघत नाही. भोळी होते मी.

बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ एक होते, चष्मा, खादीचा झब्बा, कमी बोलणारे. त्यांनी दोन विषय कळवले, एक रिंग काउंटर आणि दुसरा ट्विस्टेड रिंग काउंटर. चिठ्ठ्या टाकल्या. महांतेशला साधी रिंग, मला पीळ दिलेली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, घाबरू नका, पंगतीएवढं सोपं आहे. चार जण ओळीनं बसलेत, प्रत्येकापुढं एक दिवा. यातला एकेक जण म्हणजे फ्लिपफ्लॉप, आणि चौघं मिळून शिफ्ट रजिस्टर. क्लॉकचा ठोका पडला की प्रत्येकानं आपल्याकडं जे आहे ते शेजारच्याला द्यायचं. शेवटचा आहे त्यानं पहिल्याला द्यायचं. झाली रिंग. एकाकडं दिवा लागलेला असला तर तो फिरत राहतो. १०००, मग ०१००, मग ००१०, मग ०००१, आणि परत १०००. ट्विस्टेडमध्ये फरक एवढाच की शेवटचा पहिल्याला उलटं सांगतो. माझा लागला असेल तर तुझा विझव, माझा विझला असेल तर तुझा लाव. म्हणून ती सगळ्या शून्यांपासूनही आपली आपण सुरू होते.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी परमेश्वर सरांनी बोलावलं. "मॅडम, उद्यासाठी किट तुमीच मांडून ठेवा. तुमच्याशिवाय त्या किटला हात कोण लावतं?"

म्हटलं, "सर, महांतेशचं पण मीच मांडायचं?"

"त्यांचंच आधी आहे ना," सर म्हणाले. यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मांडलं मी. दात ओठ खात मांडलं, पण नीट मांडलं, कारण वाईट जोडणी मला जमतच नाही. किट जुनं आहे. त्याचं क्लिअरचं बटण केव्हाचंच आत दबून बसलंय. नवीन मागवा म्हणून मी दर वर्षी लिहून देते, सर दर वर्षी सही करतात, बटण काही येत नाही. म्हणून आमच्या लॅबची आमचीच एक रीत पडलीय: शून्यावर यायचं असलं की भिंतीवरचं स्विच बंद-चालू करायचं. चालू होताना किट चारी दिवे विझवून उठतं. पोरांनाही तेच शिकवलंय, खाडकन् बंद, खाडकन् चालू. एका बाजूचं प्रीसेटचं बटण तेवढं शाबूत आहे, ते दाबलं की पहिला दिवा लागतो.

संध्याकाळी महांतेशचा फोन. "अक्का, तो क्रम एकदा सांगता का? आमचं लय दिवसात वाचन न्हाई."

सांगितला. चार ओळी. पुढं म्हटलं, "बाकीचं पुस्तकात बघ. पहिल्याच परिच्छेदात आहे." आणि फोन ठेवला. नवरा, सोमेश्वर, शेजारी बसून हसत होता. म्हणाला, "वैऱ्याला पेपर फोडणारी तूच पहिली." मी म्हटलं, पेपर नाही, चार ओळी आहेत, त्या सातवीच्या पोरालाही पाठ होतील. त्याला म्हणायला ठीक होतं. त्याचं पाईप-मोटारीचं दुकान आहे, तिथं कुणी तासिका तत्त्वावर बसत नाही.

दुसऱ्या दिवशी लॅब भरली. पुढं खुर्च्यांवर अप्पा, परमेश्वर सर आणि तज्ज्ञ. बाकांवर दुसऱ्या वर्षाची पोरं, माझीच. मधल्या बाकावर निकिता, पालमहून एसटीनं येणारी, प्रश्न विचारून जीव घेणारी पोरगी. मागं भिंतीला टेकून मी, माझी वेळ यायची वाट बघत. भिंतीवरच्या त्याच बोर्डाला, किटच्याच स्विचवर, संस्थेचा नवा प्रोजेक्टर लावलेला, त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह झळकत होतं. त्याचा मुलाखतीशी काही संबंध नव्हता, पण अप्पांनी दिलेला होता म्हणून झळकत होता.

महांतेश कपाळाला भस्म लावून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. आवाज चांगला आहे त्याचा. फळ्यावर चार ओळी लिहिल्या, बाण काढला, शेवटून परत पहिल्याकडं नेला. सगळं बरोबर. मग किटचा क्लॉक चालू केला.

काहीच नाही.

चारी दिवे विझलेले. एका कोपऱ्यात क्लॉकचा दिवा तेवढा मजेत लुकलुकतोय. महांतेशनं किटकडं पाहिलं, मग फळ्याकडं, मग परत किटकडं. पोरं किटकडं बघायलीत. अप्पा खुर्चीत पुढं सरकले.

"क्लॉक पोचत नसेल," महांतेश म्हणाला. आणि एक कॉर्ड उपटून परत लावली.

क्लॉक डोळ्यापुढं लुकलुकतोय की रे! मी मनात म्हटलं. नुसतं मनात. बाकाची कड धरून ठेवली होती मी.

"एलईडी गेलेत वाटतं," तो म्हणाला. "किट जुनं आहे."

हे मला झोंबलं. ते एलईडी मी स्वतः बदललेत, गेल्याच महिन्यात. तरी गप्प. मी गप्प बसलेली बघून निकिता मागं वळली, तिच्या डोळ्यात आश्चर्य. म्हणजे मॅडम आजारी आहेत की काय, असं.

आता खरं सांगते, तेव्हा मला काही करायचं नव्हतं. फक्त उभं राहायचं होतं. दोन मिनिटं आणखी ते किट चालू झालं नसतं, तर अप्पांच्या जिनिंगच्या रीतीनं खेळ संपला होता. भाचा असो की कुणी असो, मशीन चालली नाही की घरी. एवढं मला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. जागा माझ्यापासून दोन मिनिटांवर होती.

मग महांतेश पोरांकडं वळला, खाकरला, आणि म्हणाला, "कसंय, रिंग काउंटरला सुरू व्हायला कधी कधी वेळ लागतो."

आणि पोरांनी वह्या उघडल्या. लिहायला लागली हो ती! वेळ लागतो, म्हणून. निकितासुद्धा.

"वेळ लागतो?" मी भिंतीपासून सुटले. "ट्रॅक्टर आहे का तो? अहो, चारी शून्य आहेत! शून्य फिरवून शून्यच येणार! जन्मभर फिरवा! आधी पहिल्याला प्रीसेट द्या, एकाकडं दिवा असल्याशिवाय तो पुढं देणार काय, कपाळ?"

महांतेशनं निमूटपणे प्रीसेटचं बटण दाबलं. पहिला दिवा लागला. सोडलं. दुसरा लागला, तिसरा, चौथा, परत पहिला. एकच दिवा, ओळीनं, शिस्तीत, गोल गोल. पोरांनी खोडरबर काढले. अप्पांनी टाळी वाजवली.

"लागला की!" अप्पा म्हणाले.

लागला. मीच लावला.

आता माझी पाळी. कानशिलं तापलेली. स्वतःवर एवढा राग आला होता की समोरचं नीट दिसत नव्हतं. पुढं गेले, क्लॉक हातानं द्यायच्या बाजूला फिरवला, म्हणजे दिवा जिथं होता तिथं थांबला. शेवटच्या फ्लिपफ्लॉपच्या सरळ टोकातून कॉर्ड काढली आणि उलट्या टोकात घातली. झाला पीळ. सवयीनं हात भिंतीवरच्या स्विचकडं गेला, खाडकन् बंद, खाडकन् चालू करायला.

परमेश्वर सर खुर्चीतून अर्धे उठले. "मॅडम, मॅडम! बोर्डाला हात नका लावू. प्रोजेक्टर बंद पडला तर परत अर्धा तास लागतो."

मी म्हटलं, बरं. रागातल्या माणसानं कधी बरं म्हणू नये. कारण त्या क्षणी मी एवढंच बघायला पाहिजे होतं की महांतेशचा दिवा कुठं थांबलाय. पहिल्यावर किंवा चौथ्यावर असता तर निभावलं असतं. तो होता दुसऱ्यावर. ०१००.

फळ्यावर मी पुस्तकातला क्रम लिहिला, तोंडपाठ, हात आपोआप चालतो. ००००, १०००, ११००, १११०, ११११. मग ०१११, ००११, ०००१, आणि परत ००००. आठ घरं. चार फ्लिपफ्लॉप, आठ अवस्था, साध्या रिंगच्या दुप्पट. मग क्लॉकचं बटण दाबलं.

१०१०.

परत दाबलं. ११०१. परत. ०११०.

"अगं बाई," माझ्या तोंडून निघालं.

अप्पा परमेश्वर सरांना म्हणाले, "हे काय नाचायलेत दिवे? त्या पोराचा कसा एकेक सरळ चालला होता."

तज्ज्ञांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, तुमच्या फळ्यावरचा क्रम आणि हा क्रम जुळत नाही."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, किट बिघडलंय. महांतेशनं म्हटलंच होतं, आणि तेव्हा ते खपत पण होतं. मला ते म्हणता येईना. किट बिघडलेलं नव्हतं. किट जे करायला पाहिजे तेच करत होतं, एक घर न चुकता. आणि काय सांगू, राग एकदम उतरला. एवढी वर्षं हे मी फळ्यावरच शिकवलं होतं, दिव्यांवर पोरांना कधी दाखवलंच नव्हतं. कारण आमची बंद-चालूची रीत! आमचं किट कायम शून्यावरून उठतं, मग चुकीच्या घरात जाणार कसं?

"पोरांनो, वही काढा," मी म्हटलं. "चार दिव्यांच्या किती अवस्था होऊ शकतात?"

"सोळा!" पोरं ओरडली.

"पैकी आठ या फळ्यावर. मग उरलेल्या आठ काय तीर्थाला गेल्या? चला, लिहा."

आणि मी दाबत गेले, एक एक, आणि निकिता ओरडून सांगत गेली, आणि मी दुसऱ्या बाजूला लिहीत गेले. ०१००, १०१०, ११०१, ०११०, १०११, ०१०१, ००१०, १००१. पुढं दाबलं, आणि परत ०१००. पोरांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. बंद झालं चक्र! आठ घरं पुस्तकातली, आठ घरं बाहेरची, दोन्ही आपापल्या जागी गोल. एकाही घराची गाठ दुसऱ्या चक्रातल्या घराशी पडत नाही.

तज्ज्ञ म्हणाले, "पण पुस्तकात हे नाही."

"आहे सर. पुढच्या पानावर आहे. न वापरलेल्या अवस्था म्हणून."

ते हसले. मला वाटतं त्यांना माहीत होतं. चष्मा पुसत म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." पण हे ते मला म्हणाले, हळूच. अप्पांकडं वळून मोठ्यानं म्हणायचं राहिलं. तेवढ्यात परमेश्वर सरांनी घड्याळ दाखवलं, अप्पांना चारठाण्याला एका लग्नाला जायचं होतं, चहा बाहेर मांडला होता. खुर्च्या सरकल्या. महांतेश दारापाशी घुटमळला, माझ्याकडं बघून हात जोडले, आणि गेला त्यांच्यामागं.

लॅबमध्ये मी आणि पोरं राहिलो.

निकिता बाकावरून उठली नव्हती. "मॅडम, मग हे त्या चांगल्या चक्रात कधी येणार?"

"येत नाही."

"लय वेळ फिरवलं तर?"

"किती पण फिरव. दोन्ही चक्रं सारखीच पळतात, ठोका पण एकच. पण हे तिकडं जात नाही."

"मग?"

"मग बाहेरून कुणीतरी धक्का द्यावा लागतो. तो पण नेमक्या घरात असताना." मी क्लॉक दाबत दाबत ०१०० वर आणलं. "आता बघ." प्रीसेट दाबला. पहिला दिवा लागला. ११००. सोडलं, क्लॉक दिला. १११०. ११११. ०१११. ००११. अगदी फळ्यावरच्या पहिल्या रांगेसारखं, शिस्तीत. "आलं का गाडीवर? एकच बोट. पण बोट दुसऱ्याचं पाहिजे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रोजेक्टर चालू होता.

तेव्हा, ते बोट बटणावरच असताना, मला आठवलं. तसंच एक बोट मी तासाभरापूर्वी मागच्या भिंतीपाशी उभी राहून दिलं होतं, नेमक्या घरात, नेमक्या वेळी. फक्त दुसऱ्याला. मी पोरांना म्हटलं, जा, चहा प्या, आणि कॉर्डा गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकले. रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

आठवड्यानं निकाल लागला. परमेश्वर सरांनी मला दार लावून सांगितलं, त्यांच्या मते हा मोठेपणा. महांतेशबद्दल समितीचं मत असं पडलं, की उमेदवारानं अडचणीच्या वेळी वर्गाला सहभागी करून घेतलं, वर्गातून उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला. उत्स्फूर्त प्रतिसाद म्हणजे मी! आणि माझ्याबद्दल, विषयाचं ज्ञान उत्तम, मात्र प्रात्यक्षिकाचं आउटपुट अपेक्षेप्रमाणे आलं नाही, आणि बोलण्यात संयमाची गरज आहे.

"तज्ज्ञांनी काहीच म्हटलं नाही?" मी विचारलं.

"म्हणाले ना. सही करताना म्हणाले, बाई हुशार हायेत." सरांनी टेबलावरचा कागद पुढं सरकवला. "तुमची या सत्राची ऑर्डर हायेच. डिजिटल आता महांतेश सरांकडं. तुमी त्यांना प्रॅक्टिकलला मदत करायची. तुमचं काय मॅडम, तुमी घरच्याच."

घरच्याच! घरच्या माणसाला जेवायला शेवटी बसवतात, हे आमच्याकडं लहान पोराला पण माहीत आहे.

संध्याकाळी महांतेश पेढे घेऊन घरी आला. बसला नाही, दारातच उभा. म्हणाला, "अक्का, त्या दिवशी तुमी गप बसल्या असत्या तर?"

"तर तू आज सेलूला सरकीची पोती मोजत असतास."

तो मान खाली घालून हसला, आणि मलाही हसू आलं, काय करता. खरंच वाईट नाही तो. जाताना म्हणाला, "अक्का, ते प्रीसेटचं एकदा नीट सांगताल का?" म्हटलं, सांगते, पेढे ठेव.

तो गेल्यावर सोमेश्वरनं विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं त्यानं. "रुद्रा, दोन मिनिटं. फक्त दोन मिनिटं गप्प बसायचं होतं. का बोललीस?"

"पोरं लिहून घ्यायला लागली होती," मी म्हटलं.

त्यानं पेढ्याचा डबा उचलून फळीवर ठेवला, न उघडता.

मी ठरवलं, आता बास. मदत करायची, कॉर्डा द्यायच्या, तोंड उघडायचं नाही. ज्याचा पगार त्यानं बोलावं. पहिले काही आठवडे जमलं पण. पोरं मला विचारायची, मी महांतेशकडं बोट दाखवायची. शिपाई म्हणाला, मॅडम, लॅबमधून आवाज येत न्हाई, बरं हाय ना?

मग ऑक्टोबरमध्ये काउंटरचं प्रॅक्टिकल आलं. तेच किट, तीच पोरं. महांतेश सर पुढं, मी मागं कपाटापाशी, कॉर्डांचा गुंता सोडवत. त्यानं फळ्यावर चार ओळी लिहिल्या, बाण काढला. जोडणी त्यानं स्वतः केली होती, बरोबर केली होती, मला बरं वाटलं. स्विच दाबलं.

चारी दिवे विझलेले. क्लॉक मजेत लुकलुकतोय.

अरे देवा, विसरला. परत विसरला! मी सांगितलं होतं रे, पेढ्यांच्या दिवशी. त्यानं किटकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं. एक कॉर्ड उपटून परत लावली. मी दात दाबून धरले. गुंता सोडवतेय, सोडवतेय. महांतेश पोरांकडं वळला, खाकरला.

"कसंय," तो म्हणाला, "कधी कधी याला सुरू व्हायला..."

"अहो सर, चारी शून्य आहेत!"

मी नव्हते. देवाशपथ मी नव्हते. मधल्या बाकावर निकिता उभी राहिली होती, मुठी आवळून, कानशिलं लाल. "शून्य फिरवून शून्यच येणार! पहिल्याला प्रीसेट द्या आधी! जन्मभर फिरवणार का?"

तोच सूर. तोच माझा टपरीपर्यंत जाणारा सूर, शब्दासकट. महांतेशनं बटण दाबलं. दिवा लागला आणि फिरायला लागला, एक, दोन, तीन, चार, परत एक. सगळा वर्ग निकिताकडं बघायला लागला, आणि निकिता माझ्याकडं.

तिला सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पोरी, खाली बस. तोंडाला लगाम घाल. तुलाही एक दिवस मुलाखतीला उभं राहायचंय, आणि तेव्हा पुढं कुणीतरी अप्पा बसलेले असतील. सगळं वाक्य तयार होतं.

नाही सांगितलं. आयुष्यात एकदाच, गप्प बसले.